गप्प मेंबरांना दिवाळीत बोलतं करायचं होतं, त्याच्या नोंदी (ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५)

आमचा व्हॉट्सअ‍ॅपवरचा वाचनगट आहे, २१२ जण. मी आणि एक ताई अशा दोघी अ‍ॅडमिन. यंदा दिवाळीच्या शुभेच्छा देताना एक ठरवलं होतं, की जे कधीच काही लिहीत नाहीत त्यांच्याकडून त्यांची दिवाळी कशी असते ते ऐकायचं. वाटलं होतं एक छानसा मेसेज टाकला की झालं. तसं झालं नाही. काय काय चुकलं आणि शेवटी कशाने जमलं ते लिहून ठेवतेय, कारण असेच गट चालवणाऱ्या दोघीतिघींनी विचारलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दिवाळीच्या आधी दसऱ्याला करून बघू म्हटलं. कोपऱ्यावरच्या डीटीपीवाल्याकडून २५० रुपये देऊन एक ग्रीटिंग करून घेतलं, आपट्याची पानं, झेंडूचं तोरण, मध्ये शुभेच्छा आणि खाली बारीक अक्षरात "तुम्ही दसरा कसा साजरा करता, नक्की सांगा!" सकाळी सात वाजता टाकलं.

रात्रीपर्यंत ६४ मेसेज आले. त्यातले ६१ म्हणजे दुसऱ्यांची ग्रीटिंगं, हात जोडलेले, "आपणासही". तीन जणांनी खरं उत्तर दिलं आणि ते तिघंही रोज बोलणारेच. आपण सोन्यासारखी पानं दिली की समोरचाही पानंच देतो, तशी शुभेच्छेला उत्तर म्हणून शुभेच्छाच येते हे तेव्हा नीट लक्षात आलं. प्रश्न त्या चित्रात होता पण तो प्रश्न आहे असं कोणाला वाटलंच नाही.

४ ऑक्टोबर

आज बसून मोजलं. आधी बघितलं की गप्प लोक मेसेज बघतात तरी का. आपण टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि 'इन्फो'वर गेलं की कोणी वाचला आणि कोणाच्या फोनवर नुसता पोचलाय त्याच्या दोन वेगळ्या याद्या दिसतात. ज्यांनी निळ्या टिका बंद केल्यात तेही ग्रुपमध्ये दिसतात, कारण ते सेटिंग ग्रुपला लागू होत नाही. तर २१२ पैकी १५८ जणांनी दसऱ्याचा मेसेज उघडला होता.

मग पूर्ण चॅट एक्सपोर्ट केलं, मीडियाशिवाय, आणि वहीत नावं मांडून गेल्या वर्षभरात कोणी काय लिहिलं ते पाहिलं. शुभेच्छा, अंगठे आणि "धन्यवाद" सोडले तर एखादं तरी वाक्य लिहिणारे ३१ निघाले, त्यातले रोजचे नऊ. म्हणजे १८१ जण वर्षभर गप्प. सगळी संध्याकाळ गेली यात, साडेतीन तास, पण गेली ते बरं झालं. मला वाटायचं हे लोक ग्रुप म्यूट करून विसरलेत, तसं नाहीये, त्यातले बरेच जण रोज वाचतात.

५ ते ९ ऑक्टोबर

गप्प लोकांमधल्या आठ जणांना खाजगीत मेसेज केला. "तुम्ही लिहीत का नाही" असं विचारलं नाही, ते ऐकूनच माणूस अपराधी होतो. "ग्रुपमध्ये लिहायला काय अडचण येते ते समजून घ्यायचंय, दिवाळीचं काहीतरी करायचंय" एवढंच. सहा जणांनी उत्तर दिलं, दोघांशी फोनवर बोलले. त्यातली चार कारणं मी लिहून फ्रिजवर लावलीत.

एक काका म्हणाले, माझं टायपिंग हळू आहे, माझं वाक्य होईपर्यंत ग्रुप तीन विषय पुढे गेलेला असतो, मग पुसून टाकतो.

एका बाईंनी सांगितलं की दीड वर्षापूर्वी त्यांनी एका पुस्तकावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि खाली कोणीतरी फक्त त्यातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक दाखवली, पुस्तकाबद्दल एक शब्द नाही. त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. मी मागे जाऊन तो मेसेज शोधला. खरंच होता, आणि त्याला माझाच अंगठा होता. फार वाईट वाटलं, फोन करून माफी मागितली.

एक मुलगी म्हणाली, काही लिहिलं की नंबर दिसतो आणि अनोळखी लोक खाजगीत "हाय" करायला लागतात.

चौथे एक दृष्टिहीन दादा, जे पुस्तकं ऐकतात. ते टॉकबॅक वापरतात, म्हणजे स्क्रीनवरचं फोन वाचून दाखवतो. ते म्हणाले, "तुमचं दसऱ्याचं ग्रीटिंग मला फक्त 'फोटो' एवढंच ऐकू आलं." पुढे म्हणाले की लोक ओळीने दहा-दहा दिवे लावतात तेव्हा फोन प्रत्येक दिव्याचं नाव वाचत बसतो आणि खरं वाक्य येईस्तोवर कंटाळा येतो. म्हणजे मी २५० रुपये खर्चून एका माणसापासून प्रश्नच लपवून ठेवला होता. शिवाय ज्यांनी डेटा वाचवायला फोटोचं ऑटो डाउनलोड बंद ठेवलंय त्यांना तर नुसता धूसर चौकोन दिसला असणार.

११ ऑक्टोबर, शनिवार

पहिला मसुदा:

"सर्व वाचकमित्रांना ही दीपावली सुखाची, समृद्धीची आणि भरभराटीची जावो! आपल्या दिवाळीच्या आठवणी सर्वांनी नक्की लिहा."

ताईला पाठवला. तिचा लगेच फोन आला. म्हणाली, आपल्यात सीनेच्या काठचे सोलापूर जिल्ह्यातले एक जण आहेत, सप्टेंबरच्या शेवटी पूर आला तेव्हा त्यांचं सगळं सोयाबीन पाण्याखाली होतं, त्यांना तू भरभराटीचं काय सांगणार? आणि माझ्या मावशीकडे यंदा काका गेले, वर्षाच्या आत आमच्याकडे फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात, ती काय आठवणी लिहिणार? आणि "सर्वांनी नक्की" कशाला, हजेरी घेतेयस का?

तिचं तिन्ही म्हणणं बरोबर होतं. "भरभराटीची" या शब्दातच असं गृहीत आहे की घर आहे, घरात माणसं आहेत आणि सगळं ठीक आहे. ज्याच्याकडे यातलं काही कमी आहे तो पहिल्याच ओळीला बाहेर पडतो. मसुदा सगळा पुसला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, वसुबारस

दुसरा मेसेज टाकला. साधा मजकूर, चित्र नाही, इमोजी नाही. प्रश्न होता: "दिवाळीची एखादी आठवण सांगाल?" आणि सुरुवात म्हणून माझी स्वतःची आठवण जोडली, आजोळची, जवळजवळ तीनशे शब्द, मनापासून लिहिलेली.

हीच चूक. पुढच्या तीन तासांत रोजच्या लोकांनी तसेच लांब लांब लेख टाकले, सुंदर होते, एकाने तर किल्ल्यावर अळीव पेरायचं, मावळ्यांच्या जागा ठरवायच्या, हे सगळं इतकं छान लिहिलं. पण चौदा उत्तरांपैकी बारा त्याच एकतीस जणांमधली. माझ्या लांब नमुन्याने मापच ठरवून टाकलं. काकांसारखा हळू टाइप करणारा माणूस तीनशे शब्द बघून फोन खाली ठेवणार, ठेवलाच असणार.

आणि दोन नव्या उत्तरांपैकी एकाचं जे झालं ते तर नको होतं. पालघर जिल्ह्यातल्या एका मुलीने, ती दोन वर्षं ग्रुपमध्ये आहे, पहिल्यांदा लिहिलं, "आज आमच्याकडे वाघबारस." एवढंच तीन शब्दांचं वाक्य. दोन मिनिटांत रोजच्यांपैकी एका काकूंनी खाली लिहिलं, "वसुबारस म्हणायचंय ना तुम्हाला? टायपो झाला वाटतं." आणि मुलीने मेसेज डिलीट केला.

टायपो नव्हता. ठाणे-पालघरकडे, नाशिकच्या डोंगरात, अकोल्यात (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले) आदिवासी पाड्यांवर याच दिवशी वाघबारस असते, वाघोबाची पूजा करतात, आपली गुरं आणि आपण त्याच्याच रानात राहतो म्हणून. आपल्याकडे गाय-वासराची पूजा, गवारीची भाजी-बाजरीची भाकरी आणि दूध-तूप वर्ज्य, तसा त्यांचा तो दिवस. काकूंना माहीत नव्हतं, वाईट हेतू अजिबात नव्हता, पण दोन वर्षांनी उघडलेलं दार दोन मिनिटांत बंद झालं.

मी काय केलं: ग्रुपवर काकूंना काही बोलले नाही, कारण मग त्यांचं तोंड पडलं असतं आणि मुलगी आणखी अवघडली असती. काकूंना फोन केला, वाघबारस काय ते सांगितलं. त्या गप्पच झाल्या आणि म्हणाल्या, "अगो, मी आता काय करू?" म्हटलं आज काही करू नका. मुलीला खाजगीत लिहिलं, "तुझं वाक्य मी वाचलं होतं. चूक तुझी नव्हती. परत टाकायचंच असं काही नाही, पण मला ऐकायला आवडेल." तिचं नुसतं "ओके ताई" आलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आज काही टाकलं नाही. रोजच्या नऊ जणांना एकेकट्याला मेसेज करून विनंती केली की उद्या दुपारी एक प्रश्न टाकणार आहे, त्यावर संध्याकाळी आठपर्यंत तुम्ही लिहू नका, मोकळी जागा ठेवा, आणि कोणाचं काही चुकीचं वाटलं तर आधी मला विचारा. नऊपैकी आठ जण लगेच हो म्हणाले. एकाला थोडं लागलं, "मग आम्ही काय फक्त टाळ्या वाजवायच्या का?" त्याच्याशी वीस मिनिटं बोलले. त्याला एक काम दिलं, कोणी नवीन लिहिलं की त्याला एक खरा प्रश्न विचारायचा, "छान" नाही लिहायचं. ते त्याला आवडलं, आणि पुढे त्याने ते काम माझ्यापेक्षा चांगलं केलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

यंदा धनत्रयोदशी शनिवारी आणि पहिली आंघोळ सोमवारी, म्हणून मधला रविवार रिकामा होता. सणाच्या दिवशी सकाळी लोक कामात असतात आणि ग्रुप चित्रांनी भरतो, पण त्या रविवारी दुपारी फराळाचे डबे भरून झालेले, जेवणं झालेली, माणसं आडवी होऊन फोन बघत असतात. अडीच वाजता दोन मेसेज टाकले.

पहिला फक्त शुभेच्छेचा: "दिवाळीच्या शुभेच्छा. ज्यांच्याकडे यंदा दिवाळी नाही, किंवा मन नाही, त्यांचीही आठवण आहे. शुभेच्छा द्यायच्या असतील तर याच मेसेजला दिव्याची रिअ‍ॅक्शन द्या, वेगळं चित्र नको."

दुसरा प्रश्नाचा, आणि हा सात दिवसांसाठी पिन केला:

"उद्या सकाळी उठल्यावर तुमच्या तोंडात पहिलं काय पडेल? चहा, चकली, पोहे, काहीही. घरी नसाल तर कुठे असाल ते सांगा. एक ओळ पुरे. टाइप करायचं नसेल तर बोलून पाठवा. ग्रुपवर नको असेल तर मला पाठवा, मी नाव-नंबर न लावता टाकेन. शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. मी: चहा आणि कालचा मऊ पडलेला चिवडा."

प्रत्येक वाक्य त्या फ्रिजवरच्या कागदावरून आलंय. एक ओळ आणि बोलून पाठवा हे हळू टाइप करणाऱ्या काकांसाठी, नाव-नंबर न लावता हे अनोळखी "हाय"ला कंटाळलेल्या मुलीसाठी, शुद्धलेखनाचं त्या बाईंसाठी, आणि चित्र नाही ते दादांसाठी. "घरी नसाल तर" हे ताईमुळे आलं. माझं उत्तर मुद्दाम सात शब्दांत ठेवलं आणि त्यात चिवडा मऊ पडलेला ठेवला, खरंच पडला होता, पोहे नीट भाजले गेले नव्हते.

टाकताना "तोंडात पहिलं काय" च्या ऐवजी "तोंडाता" झालं होतं, ते पंधरा मिनिटांच्या आत दिसलं म्हणून एडिट करता आलं. त्यानंतर एडिट होत नाही, तेव्हा टाकल्या टाकल्या एकदा वाचून घ्या.

पहिला तास काहीच नाही. इन्फो उघडून बघत बसले, वाचलेल्यांची यादी वाढत होती, साठ, नव्वद, एकशेदहा, आणि उत्तर एकही नाही. ताई म्हणाली फोन ठेव आणि झोप. पावणेचारला पहिला व्हॉइस मेसेज आला, त्या हळू टाइप करणाऱ्या काकांचा, अकरा सेकंदांचा: "मी उद्या सकाळी पहिलं औषध घेणार. शुगरचं. मग अर्धा लाडू. बायकोला सांगू नका." मागून बाईंचा आवाज, "ऐकतेय मी."

ह्या अकरा सेकंदांनी सगळं सैल झालं. रात्री अकरापर्यंत गप्प लोकांमधल्या अकरा जणांनी ग्रुपवर लिहिलं किंवा बोलून पाठवलं, सहा जणांनी मला पाठवलं.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरक चतुर्दशी

सिंधुदुर्गातल्या एका आजींचा व्हॉइस मेसेज पहाटे पावणेसहाला. त्यांच्याकडे आंघोळ झाली की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. कारीट म्हणजे रानातलं लिंबाएवढं हिरवं फळ, काकडीच्या जातीचं, कडूजहर. नरकासुर म्हणून ते चिरडायचं आणि त्याचा थेंब जिभेला लावायचा. म्हणजे माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर "पहिलं कडू पडतं" असं होतं, मग फोव. फोव म्हणजे पोहेच, पण एक नाही, गुळाचे, दुधातले, ताकातले, आणि एकमेकांच्या घरी जाऊन थोडे थोडे खायचे. मेसेजमध्ये आधी कोंबडा, मग "गोविंदा", आणि मग पच्च असा आवाज. आजींनी फोन खाली जमिनीजवळ धरला होता. तो पच्च आवाज मी चारदा ऐकला.

टॉकबॅकवाल्या दादांनी लिहिलं की ते पहिल्या आंघोळीला कोणत्या घरात कधी उटणं निघतं ते जिन्यातल्या वासावरून ओळखतात, आणि यंदा तिसऱ्या मजल्यावरचे लवकर उठले.

आणि आज माझी मोठी चूक. सकाळी सहानंतर विनंती करूनही ग्रीटिंगांचा लोंढा सुरू झाला, तेव्हा मी घाईत "फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात" हे सेटिंग चालू केलं, चित्रं थांबवायला, आणि आंघोळ, फराळ, पाहुणे यात ते परत काढायचं विसरले. सव्वादोन तास ग्रुप बंद. त्याच वेळेत एक नर्स नाइट ड्यूटी संपवून बसमध्ये बसून उत्तर लिहीत होती, आणि पाठवताना बघते तर लिहायची जागाच गेलेली. नशिबाने तिने मला पाठवलं: "वॉर्डात पहाटे साडेचारला एका पेशंटच्या आईने डब्यातली शंकरपाळी दिली, हातात सलाइन होतं म्हणून तिने माझ्या तोंडात घातली. तेच पहिलं." तिच्या परवानगीने ते टाकलं. आणखी कोणी त्या सव्वादोन तासांत लिहून पुसलं असेल तर ते कळायला मार्ग नाही. चित्रं येत असतील तर येऊ द्यावीत, प्रश्न पिन केलेला असतो तो वरच राहतो, आणि फारच झालं तर अ‍ॅडमिनला एकेक चित्र सगळ्यांसाठी डिलीट करता येतं. कुलूप लावू नये.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सीनाकाठच्या दादांचं दुपारी खाजगीत आलं. "यंदा काय नाय. पोरांना फटाके नाय घेतले. शाळेचे मास्तर लाडू घेऊन आले होते, ते खाल्ले." पुढे, "टाका ग्रुपवर, नाव टाकलं तरी चालेल." मी नाव न लावताच टाकलं, पण आधी त्यांना विचारलं की खाली लोक मदतीचं बोलायला लागतील, ते चालेल का. म्हणाले, "पैशाचं नको. शाळेत मुलांना पुस्तकं द्या, दप्तरं भिजली सगळी." हा वेगळा विषय झाला, ताई बघतेय. इथे एवढंच लिहिते की असं उत्तर आलं तर तसंच ग्रुपवर ढकलू नका, आधी त्या माणसाला विचारा की पुढचं काय चालेल.

२२ ऑक्टोबर, पाडवा

एका मेंबरचं उत्तर: "आमच्या घरी दिवाळी नसते, आम्ही मुसलमान. पण दिवाळी अंक येतो, अब्बांच्या वेळेपासून. उद्या सकाळी चहा आणि अंकाचं पहिलं पान." यावर ग्रुप पेटला, चांगल्या अर्थाने. कोणी वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी भरायचं त्याबद्दल, कोणी घरात अंक आधी कोण वाचणार यावरच्या भांडणांबद्दल. रोजच्यांपैकी एकांनी सांगितलं की ही पद्धत १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तिथून सुरू झाली. त्या मेंबरने विचारलं, त्या अंकात काय होतं? आणि मग त्यांचं दोघांचं तासभर चाललं. वर्षभर एक ओळ न लिहिलेला माणूस.

आज एक चुकलं. दुपारी आलेला एक व्हॉइस मेसेज अंकांच्या चर्चेत वर गेला आणि रात्री दहाला दिसला, नऊ तास त्याला कोणी काही बोललं नव्हतं. पहिल्यांदा बोललेल्या माणसाला नऊ तास शांतता म्हणजे काय वाटत असेल. आता वहीत नवीन नाव आलं की लिहिते आणि उत्तर गेलं की टिक करते, दोन तासांत कोणीतरी काहीतरी विचारलंच पाहिजे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भंडाऱ्याकडच्या एका सरांनी लिहिलं की त्यांची खरी दिवाळी आत्ता सुरू होते, भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, बहिणी-लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि रात्री झाडीपट्टीचं नाटक, मांडवात पहाटेपर्यंत. "वडशाहून नाटक येतं. थंडी असते. चादर घेऊन बसायचं. पहिलं तोंडात पडतं ते शेंगदाणे." सरांना विचारलं कोणतं नाटक बघणार, तर म्हणाले कोणतं का असेना, गाणी किती आहेत ते बघायचं.

आज हिशेब केला. गप्प १८१ पैकी २९ जण बोलले, १८ ग्रुपवर आणि ११ माझ्यामार्फत. १३ जणांनी आवाजात पाठवलं, म्हणजे जवळजवळ निम्म्यांनी. माझा वेळ सगळा धरून साडेअठरा तास, त्यातले साडेतीन मोजण्यात, चार फोनवर, बाकी उत्तरं देण्यात. पैसे २५०, तेही ग्रीटिंगवर वाया गेलेले.

२५ ऑक्टोबर

काकूंनी मला विचारलं, "आता त्या मुलीला काही विचारलं तर चालेल का?" मी मुलीला विचारलं, ती हो म्हणाली. मग काकूंनी ग्रुपवर लिहिलं: "मला वाघबारस माहीत नव्हती, मी चुकीचं बोलले. तुमच्याकडे वाघोबाचं ठाणं कुठे असतं, गावात की रानात?"

चाळीस मिनिटं "टायपिंग" दिसत होतं, जात होतं, परत दिसत होतं. मग आलं:

"शिवेवर असतं. लाकडाच्या फळीवर वाघ कोरलेला असतो वर चंद्र सूर्य आणि शेंदूर लावतात. कुठे दगडाचा पण असतो. आजोबा नारळ फोडतात आणि म्हणतात आमची गुरं सांभाळ. आमच्या शिवेवरचा जुना झालाय एक कान पडलाय."

काकूंनी विचारलं कोणता कान, डावा की उजवा. मुलीने लिहिलं, "बघून सांगते."

२१ नोव्हेंबर, देवदिवाळी

महिन्याने नोंद करतेय. मी काही विचारलेलं नव्हतं, ग्रुपवर दिवाळी अंकातल्या एका कथेवर बोलणं चाललं होतं. सिंधुदुर्गच्या आजींनी सकाळी व्हॉइस मेसेज टाकला की आज त्यांच्याकडे देवदिवाळी, सगळ्या देवांची नैवेद्याची पानं मांडायचीत, म्हणून कथा रात्री वाचेन, कोणी शेवट सांगू नका.

त्याच्या खाली पालघरच्या मुलीचा फोटो आला, त्याखाली दादांसाठी मजकुरात लिहिलेलं होतं, "वाघोबाचा फोटो आहे. डावा कान नाहीये."